कवाडाची कविता : आशेची की उदास?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात राहतो. आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर कोजागिरीला दूध आटेपर्यंत कविता वाचायचा रिवाज आहे. यंदा गावातल्याच एका माहेरवाशिणीनं स्वतःची कविता वाचली. तिला विचारूनच इथं देतोय. नाव नको म्हणाली, म्हणून नाव देत नाही.

बापाच्या घराचे
कवाड लावले
कोंड्यात खोवले
तुराटीस

ओट्यावर ऊन
येऊन बसते
हळूच पुसते
"आहे कोणी?"

पायलीत दाणे
ठेवले मोजून
येईल म्हणून
मिरगाला

वारा आला तर
कडी खणाणते
घर हे म्हणते
"थांब, आले आले"

ऐकताना सगळे गप्प झाले. मग घरी जाताना माझं आणि माझ्या बालमित्राचं रस्त्यातच वाजलं. तो इथं 'खारपाण' नावानं वाचतो, कधी लिहीत नाही. बोलणं साधारण असं झालं :

मी : किती धीर आहे या कवितेत! इतकं बंद घर, पण शेवटी ते उठून दार उघडायला निघतं.

तो : धीर? गड्या, वाऱ्यानं कडी वाजली अन् घराले वाटलं कोनी आलं. याच्याहून उदास काय अस्ते?

मी : पण कुलूप कुठं आहे? तुराटी खोवलीय. तुराटी म्हणजे माणूस वावरात गेलाय.

तो : गेला तो गेलाच. चारी कडव्यात मानूस दाखव मले.

मी : 'येईल म्हणून' आहे ना!

तो : 'आला' कुठी हाये?

त्याच्या घराचं वळण आलं तरी आम्ही तिथंच उभे. वहिनींनी आतून हाक मारली तेव्हा तो गेला.

शहरातल्या वाचकांसाठी तुराटीचं सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथं आहे. आमच्याकडे दिवसभरासाठी वावरात जाताना कवाडाला कुलूप घालत नाहीत. साखळीची कडी चौकटीच्या कोंड्यात अडकवायची आणि कोंड्यातून तुरीच्या काडीचा वीतभर तुकडा आरपार खोवायचा. कुत्रं ढोसून आत शिरत नाही, एवढंच त्याचं काम. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यातून निरोप कळतो : माणसं दिवेलागणीला येतील. परगावी जायचं असेल तर कुलूप. म्हणजे कवितेतलं कवाड लावणाऱ्यानं जाताना परतायचं ठरवलेलंच होतं. त्या बाईनं 'कुलूप' लिहिलं नाही, 'तुराटी' लिहिलं. हे उगाच नाही.

तुम्हाला काय वाटतं?

लेक_हिंजवडीत

कविता वाचून घशाशी आलं. आमचं अकोट तालुक्यातलं घर असंच बंद आहे. आई माझ्याकडे असते. पण मला एक टोचलं. गाव सोडून गेलेल्यांना या कवितेत बोल लावलाय असं वाटलं. आम्ही काही हौसेनं नाही आलो. तीन एकर कोरडवाहूत दोन भावांचं भागत नव्हतं. घर वाट पाहतंय म्हटलं की सगळा दोष जाणाऱ्यावर येतो. आई अजून दर मिरगाला शेजाऱ्यांना फोन करून विचारते, धाब्यावर पांढरी माती टाकली का म्हणून. आम्ही काय करावं?

पूर्णाकाठ

भाऊ, तुमचं दुखणं कळतं. पण कवितेत कुठंही 'सोडून गेले' नाही. कोण गेलं, का गेलं, कुठं गेलं, यातलं काहीच ती सांगत नाही. 'कवाड लावले' एवढंच. बोल लावायचा असता तर लावणाऱ्याचा चेहरा दाखवला असता. आईंना सांगा, धाब्यावर माती टाकणारे हात गावात अजून आहेत.

धुऱ्यावरून

कवितेतलं मला फार कळत नाही, पण तिसऱ्या कडव्यात बियाण्याची गोष्ट आहे म्हणून लिहितो. दाणे पायलीत उघडे ठेवले तर त्यांना सोंडे लागतात. घरचं बी राखायचं तर कडक ऊन दाखवून, राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून कणगीत ठेवावं लागतं. आणि पेरायच्या आधी उगवण तपासाच. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, आठवड्यानं मोड मोजा. सोयाबीनचे सत्तरच्या खाली निघाले तर ते बी पेरण्याच्या कामाचं नाही, नाहीतर बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागतं. मागच्या खरिपात मी हे केलं नाही आणि अर्ध्या वावरात दुबार पेरणी करावी लागली. पायलीतले हे दाणे ज्वारीचे दिसतात. किती दिवस तसेच पडून आहेत ते कविता सांगत नाही.

खारपाण

लिहीत नव्हतो, पन ह्या धुऱ्यावरच्या भाऊनं माह्याच कामाची गोष्ट सांगितली म्हून लिहितो.

भाऊ म्हनतो ते सोळा आने खरं. बी कनगीत रायते. पायलीत ते कधी काढतात? पेरनी उद्या-परवावर आली का. बी निवडलं, पायलीनं मोजलं, सकाळी तिफन जुपायची. म्हंजे ज्यानं कवाड लावलं तो मिरगाच्या तोंडावर गेला. सारी तयारी करून गेला. आन पेरनी झाली नाई, दाने तिथंच हायेत. आता सांग गड्या, पेरनीच्या आदल्या दिवशी कास्तकार घर सोडून कुठी जाते? कोनताच कास्तकार जात नाई. त्याले नेलं तरच तो जाते.

कविता 'बापाच्या घराचे' म्हून सुरू होते. बाप कुठी हाये? मले तं ते पयलंच कडवं आयकून समजलं होतं.

पूर्णाकाठ

हे तू रस्त्यात बोलला नव्हतास.

पण लेका, तू एक गोष्ट गृहीत धरतोयस. दाणे पेरायचे राहून गेले, असं कविता म्हणत नाही. 'ठेवले मोजून, येईल म्हणून मिरगाला.' मिरीग अजून यायचा असेल तर? मला तर ही चारही कडवी एकाच दिवसातली वाटतात. सकाळी कवाड लावून माणसं वावरात गेली, कारण मिरगाच्या आधी धसकटं वेचायची असतात. दुपारी ओट्यावर ऊन आलं. आत पायलीत उद्याचं बी. आणि संध्याकाळी जो वारा सुटला तो आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुटतो तोच, पाऊस आणणारा. त्या वाऱ्यानं कडी वाजली आणि घर म्हणालं, आले आले. 'येईल' कोण, हे तिनं उघडं ठेवलंय. तू माणूस घेतलास, मी पाऊस घेतो.

छंदवेडी

उशिरा येतेय, पण या धाग्यावर थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं. मी अमरावतीला मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे.

आधी 'पूर्णाकाठ' यांच्या एका दिवसाबद्दल. कल्पना सुंदर आहे, पण क्रियापदं तिला साथ देत नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यात भूतकाळ आहे : लावले, खोवले, ठेवले. या गोष्टी एकदाच घडल्या आणि संपल्या. दुसऱ्या आणि चौथ्यात मात्र बसते, पुसते, खणाणते, म्हणते. हा आत्ताचा एक क्षण नाही, ही नेहमीची रीत आहे. 'वारा आला तर कडी खणाणते' असं आपण एका संध्याकाळबद्दल बोलत नाही. तेव्हा आपण 'वारा आला आणि कडी वाजली' म्हणतो. 'आला तर' म्हणजे जेव्हा जेव्हा येतो तेव्हा. ऊनही रोज येऊन बसतं. त्यामुळे काळ एका दिवसापेक्षा जास्त आहे हे नक्की. किती जास्त, ते मात्र कवितेत कुठंच नाही. आठवडा असेल, पंधरा वर्षंही असतील. तुम्ही दोघं भांडताय ते या न सांगितलेल्या काळावरून. एकानं तो थोडा धरलाय, दुसऱ्यानं फार.

आता छंदाकडे. हा देवद्वार छंद आहे. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. हरिपाठाचा पहिला अभंग बोटांवर मोजून पाहा : 'देवाचिये द्वारीं' सहा, 'उभा क्षणभरी' सहा, 'तेणें मुक्ति चारी' सहा, 'साधियेल्या' चार. आपल्या गावागावांत हा साचा लोकांच्या कानात बसलेला आहे. चौथा चरण आखूड असतो, तिथं आवाज खाली येतो, टाळाला जागा मिळते, श्वास घेता येतो. या कवितेत ती जागा तीनदा नीट मिळते : तुराटीस, आहे कोणी, मिरगाला. प्रत्येक वेळी चार अक्षरं.

आणि शेवटी? 'थांब, आले आले.' मोजा. सहा अक्षरं.

ही चूक म्हणून सोडून द्यावी असं मला वाटत नाही, कारण आधीची तिन्ही कडवी काटेकोर आहेत. जिला 'येईल म्हणून' हे सहात बसवता येतं, तिला शेवटी चार अक्षरं सापडली नाहीत हे पटत नाही. साचा तिनं जाणून ओलांडलाय. थांबायच्या जागी घर थांबत नाही, पुढे येतं. म्हणून मी आशेच्या बाजूला झुकते. पण झुकते एवढंच म्हणेन.

खारपाण

म्याडम, नमस्कार. तुमी सांगितलं ते मी करून पायलं. आमच्या हरिपाठात मी टाळ धरतो. काल रात्री घरी चालीवर म्हनून पायली. तीन कडवे बराबर बसले. चौथ्याले 'थांब, आले आले' म्हनलं तं चाल अडते. दोन अक्षरं टाळाच्या बाहेर पडतात. तिथं टाळ थांबवा लागते नाईतं शब्द गिळा लागतात.

आता तुमी म्हनता घर पुढं आलं. मले तं ते घाबरून बोलल्यासारखं वाटलं. मानूस एकटा असला का असाच बोलते. कोनी नसतानी 'आलो आलो' म्हनते, दोनदा म्हनते. खरंच कोनी आलं असतं तं येकदा म्हनलं असतं.

आन तुराटीचं. माह्या मित्रानं तुराटीवर एवढं मोठं लिहिलं, पन कडीकडं पायलंच नाई. कोंड्यात तुराटी असली तं कडी कशी खनानन? खोवलेली कडी कोंड्याले धरून रायते, वाऱ्यानं फारतं किणकिणते. खनानते कधी? मोकळी लोंबत असली तं. म्हंजे चौथ्या कडव्यात तुराटी नाई. ऊनपानी खाऊन ठिसूळ झाली आन पडली. तुराटी अशी येका दिवसात पडत नाई. म्याडम म्हनतात काळ किती ते लिहिलं नाई. मी म्हनतो कडीनं सांगितलं.

छंदवेडी

खारपाण, तुमचं हे निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. कविता वाचताना मी कडीचा आवाज ऐकला, पण ती वाजायला मोकळी असावी लागते हे माझ्या डोक्यात आलं नाही. वस्तू हाताळलेल्या माणसाचं वाचन ते हेच.

पण मग त्याच धाग्यानं अजून एक पाऊल पुढे जाऊ या. तुराटी नाही आणि कडी मोकळी आहे, तर कवाड आता बाहेरून बंद नाही. ते नुसतं लोटलेलं आहे. पहिल्या कडव्यात जे लावलं होतं ते चौथ्यात ढकललं तरी उघडेल. 'आहे कोणी?' विचारणाऱ्या उन्हाला हे माहीत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं.

पूर्णाकाठ

बाई, मनातलं बोललात. खारपाण, तुझीच कडी माझ्या बाजूनं वाजली बघ.

खारपाण

ढकलनारा पाह्यजे ना पन. कवाड मोकळं हाये म्हून घरात मानूस येत नाई. आमच्या गल्लीत तीन घरं हायेत अशे, कवाड नुसते लोटलेले. बकऱ्या जातात आत.

वाचनखूण

मला एक प्रश्न पडतो. दाराच्या आत राहून बोलणारं मराठी कवितेत आधी कुणी आहे का? मला ताटीचे अभंग आठवले. तिथंही बंद दार आहे आणि तीही आशेचीच रचना मानतात. मग ही का मानू नये?

छंदवेडी

तुलना छान आहे, पण तिथं चित्र उलटं आहे. ज्ञानेश्वर जनांच्या बोलण्यानं दुखावून आत बसलेत, ताटी त्यांनी स्वतः लावलीय, आणि बाहेरून मुक्ताबाई एकेका अभंगाच्या शेवटी 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' म्हणते. आत माणूस आहे याची तिला खात्री आहे. त्या अभंगांत आपल्याला फक्त तिचा आवाज ऐकू येतो, आतून उत्तर येत नाही. तरी सातशे वर्षं कुणालाही ते अभंग उदास वाटले नाहीत, कारण हाक मारणारी खरी आहे.

इथं उत्तर आहे, पण हाक मारणारं कुणी नाही. उत्तर देणारं घर आहे, हाक वाऱ्याची आहे. म्हणून ताटीच्या अभंगांवरून या कवितेचा निकाल लावता येणार नाही. उलट खारपाण यांचा मुद्दा त्यामुळे जास्त जड होतो, हे मला मान्य करायला हवं.

लेक_हिंजवडीत

पूर्णाकाठ, तुमचं उत्तर वाचलं होतं. काल ही कविता आईला वाचून दाखवली. तिनं शेवटची ओळ ऐकून लगेच म्हटलं, "हे तर माझ्या सासूबाईंचं बोलणं." आजी ऐकू कमी यायला लागल्यावर कुठलाही आवाज झाला की आतून "थांब, आले आले" म्हणायची. भांडं पडलं तरी. आई हसत होती सांगताना. तिला कविता अजिबात उदास वाटली नाही. मला अजूनही वाटते.

वाचनखूण

इतकं चाललंय तर कवयित्रीलाच विचारा ना सरळ.

पूर्णाकाठ

विचारलं. ती अजून माहेरीच आहे, वेचणी सुरू झालीय म्हणून थांबलीय. काल सीतादहीसाठी तिच्या भावाच्या वावरात गेलो होतो. दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाला, बाया ओट्या बांधून तासाला लागल्या, तेव्हा धुऱ्यावर उभा राहून विचारलं. आशा की उदासी ते सांगायला ती तयार नाही. "मी लिहिली, तुम्ही वाचा," म्हणाली. पण वही दाखवली.

वहीत शेवटचा चरण आधी वेगळा होता. 'घर हे म्हणते "कोण आहे?"' असं लिहून त्यावर काट मारलीय. 'कोण आहे' चार अक्षरं, साच्यात नेमकी बसणारी. ती काढून तिनं सहा अक्षरांची ओळ घातली. म्हणजे छंदवेडी बाईंचा अंदाज खरा : साचा चुकलेला नाही, ओलांडलाय.

आणि माझ्या दृष्टीनं इथं मोठी गोष्ट आहे. 'कोण आहे?' असतं तर ऊन विचारतं 'आहे कोणी?' आणि घर विचारतं 'कोण आहे?' दोन्हीकडून प्रश्नच. दोघंही एकमेकांना शोधताहेत आणि मध्ये बंद कवाड. ती ओळ ठेवली असती तर मीच तिला उदास म्हटलं असतं. तिनं प्रश्न काढून उत्तर घातलं. उदास कविता लिहायची असणारी बाई नेमकी ती ओळ का खोडेल?

खारपाण

कारन 'कोन हाये' म्हननाऱ्याले अजून माहीत हाये का बाहेर कोनी नसू शकते. 'आले आले' म्हननाऱ्याले ते बी समजेनासं झालं. आधीची ओळ उदास होती, खोडल्यावर जास्त झाली. मले तं वही पाहून माहं म्हननं पक्कं झालं.

छंदवेडी

एकच खोडलेली ओळ आणि दोघांचीही मतं तिनं पक्की केली. मी तुम्हा दोघांना एक विचारते. ही कविता मोठ्यानं म्हणताना 'घर हे म्हणते' नंतर तुम्ही थांबता का? तिथं थांबलं तर पुढचे शब्द दूरवरून, आतल्या खोलीतून आल्यासारखे ऐकू येतात. न थांबता म्हटलं तर घर दाराशीच उभं होतं असं वाटतं. कवयित्रीनं कोजागिरीला कशी म्हटली?

पूर्णाकाठ

न थांबता. मला पक्कं आठवतं.

खारपाण

थांबली होती. दूध उतू चाललं होतं म्हून तू चुलीकडं पाहत होता.

धुऱ्यावरून

ते पायलीतल्या दाण्यांचं त्यांना विचारलं का? ज्वारीच ना?

पूर्णाकाठ

ज्वारीच. घरचं बी आहे म्हणाली. रविवारी वाचनालयात पुन्हा बसतोय, तेव्हा ती यायची आहे. खारपाण त्याच्या पद्धतीनं म्हणेल, मी माझ्या. तिनं स्वतः पुन्हा म्हणावी असं दोघांनीही सांगितलंय, तिनं अजून हो म्हटलेलं नाही.